खिडकीजवळची परीक्षानळी

आमच्या प्रयोगशाळेला पश्चिमेकडे तीन मोठ्या खिडक्या आहेत. दुपारच्या बॅचला त्या खिडक्यांखालचं टेबल कुणालाच नको असतं, कारण तीननंतर ऊन थेट तोंडावर येतं. मग जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला ते टेबल येतं. मार्चमधल्या त्या दिवशी एसटी चुकलेली एक मुलगी धापा टाकत आली आणि तिथे उभी राहिली.

प्रॅक्टिकल साधं होतं. ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या, दोन्हींत पाण्यासारखा रंगहीन द्रव. एकीत सायक्लोहेक्झेन, म्हणजे संपृक्त. दुसरीत सायक्लोहेक्झीन, म्हणजे असंपृक्त. कार्बनच्या कड्यात एक दुहेरी बंध असलेलं. लिहिताना एक मात्रा आणि एक वेलांटी एवढाच फरक. दोन्ही नळ्यांत ब्रोमीनचं पाणी घालायचं, हलवायचं, रंग जातो का ते पाहायचं आणि जर्नलमध्ये चाचणी, निरीक्षण, अनुमान हे तीन रकाने भरायचे.

तास संपताना जर्नल तपासायला आले. त्या मुलीने ‘अ’ बाटलीपुढे लिहिलं होतं: निरीक्षण, नारिंगी रंग गेला, अनुमान, असंपृक्त. ‘अ’मध्ये सायक्लोहेक्झेन आहे हे मला ठाऊक होतं, कारण बाटल्या मीच भरल्या होत्या. मी दोन्ही रकान्यांवर लाल शाईने काट मारली.

“मॅडम, पण रंग खरंच गेला,” ती म्हणाली.

“बाटल्यांची अदलाबदल झाली असेल.”

“नाही मॅडम. मी ‘अ’चीच घेतली होती. आधी वरती नारिंगी होतं. ‘ब’चं करून होईपर्यंत बघितलं, तर गेलं होतं.”

मी पुढच्या जर्नलकडे वळले. मुलं गेल्यावर आमचे मामा नळ्या धुवायला आले. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. माझ्या आधी कितीतरी वर्षांपासून तिथे होते. नळ्या गोळा करताना ते सहज म्हणाले, “मॅडम, त्या खिडकीच्या टेबलावर दरसाल असं होतंय बघा. दुपारच्याच बॅचला. सकाळच्या पोरांचं बरोबर येतंय.”

हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला तास नव्हता. मामांनी सहा नळ्या काढल्या, काचेच्या बुचाच्या. रबरी बूच ब्रोमीनला चालत नाही. नैसर्गिक रबर स्वतःच असंपृक्त असतं, दुहेरी बंधांनी भरलेलं, त्यामुळे ते ब्रोमीन खातं आणि कडक होऊन तडकतं. आमच्या ड्रॉपरची रबरी टोपी दर वर्षी याच कारणाने बदलावी लागते.

दोन नळ्यांत सायक्लोहेक्झेन, दोन नळ्यांत सायक्लोहेक्झीन, प्रत्येकी एक मिली. उरलेल्या दोन नळ्यांत काहीच नाही. मग सहाही नळ्यांत ब्रोमीनचं पाणी दोन-दोन मिली घातलं. संपृक्त द्रावण पाणी घालून उतरवलेलं, फिक्या चहाच्या रंगाचं. प्रत्येक जोडीतली एक नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आणि दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात.

सायक्लोहेक्झीनच्या नळ्यांना ऊन-सावलीचं काही देणंघेणं नव्हतं. बूच लावून दोनदा हलवलं आणि रंग नाहीसा झाला, कागद गुंडाळायच्या आतच. वरचा थरही रंगहीन, खालचं पाणीही रंगहीन.

सायक्लोहेक्झेनच्या नळ्यांत काय होतं ते मात्र मी त्या दिवशी कित्येक वर्षांनंतर डोळे भरून पाहिलं, आणि एवढी वर्षं मुलांना हे दाखवायचं राहून गेलं याचं वाईट वाटलं. हलवून नळी उभी धरली की दोन थर वेगळे होतात. हायड्रोकार्बन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर. ब्रोमीनला पाण्यापेक्षा हायड्रोकार्बनमध्ये राहायला जास्त आवडतं, म्हणून ते पाणी सोडून वरच्या थरात जातं. वरचा थर गर्द नारिंगी होतो आणि खालचं पाणी जवळजवळ रंगहीन. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने ‘ब्रोमीनच्या पाण्याचा रंग जातो का’ हा प्रश्न शब्दशः घेतला आणि फक्त पाण्याकडे पाहिलं, तो इमानदारीने लिहील की रंग गेला. वास्तविक रंग गेलेला नसतो, वरच्या मजल्यावर राहायला गेलेला असतो. ब्रोमीन तेवढंच आहे, फक्त जागा बदलली.

ही पहिली चूक. पण माझ्या विद्यार्थिनीने ती केली नव्हती. तिने ‘आधी वरती नारिंगी होतं’ असं स्पष्ट सांगितलं होतं.

कट्ट्यावरची नळी आम्ही दर दोन मिनिटांनी बघत होतो. नारिंगीचं पिवळं झालं, पिवळ्याचं लिंबासारखं, आणि दहा मिनिटांच्या आत वरचा थर पार रंगहीन. खालचं पाणीही रंगहीन. ही नळी सायक्लोहेक्झीनच्या नळीशेजारी धरली, तर कुणालाही फरक सांगता आला नसता. कपाटातून काळ्या कागदातली नळी काढली. तिचा वरचा थर पहिल्या मिनिटाइतकाच नारिंगी होता. आणि नुसत्या ब्रोमीनच्या पाण्याची उन्हातली नळी, तीही रंग धरून होती. ती नळी ठेवली नसती तर मामांनीच विचारलं असतं, की ऊन रंग उडवतं का? कापडाचा नाही का उडत? बूच घट्ट असेल तर एवढ्या वेळात ब्रोमीनचा रंग उन्हाने डोळ्याला कळण्याइतका उतरत नाही. बूच सैल असेल तर मात्र ब्रोमीन वाफ होऊन निघून जातं आणि नळी आपोआप फिकी पडते. कोरी नळी शेजारी नसेल तर यातलं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

उन्हात काय घडलं ते पुस्तकात असतं, पण वेगळ्या धड्यात. अल्केनच्या धड्यात ‘प्रतियोजन’, अल्कीनच्या धड्यात ‘समावेशन’, आणि चाचणी शिकवताना आपण फक्त दुसरा धडा उघडतो. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन सैलसर, बाहेरून हाताला लागण्यासारखे असतात. ब्रोमीनचा रेणू जवळ येताच ते त्याला ओढून घेतात, त्यासाठी उजेड लागत नाही. एकेरी बंधाचं तसं नाही. तिथे ब्रोमीनचा रेणू आधी फुटावा लागतो, आणि तो उजेडाने फुटतो. ब्रोमीन नारिंगी दिसतं ते का? कारण ते पांढऱ्या उजेडातला निळा भाग शोषून घेतं. तीच शोषलेली ऊर्जा रेणूचे दोन तुकडे करायला पुरते. हे सुटे ब्रोमीन अणू सायक्लोहेक्झेनमधला हायड्रोजन काढतात, त्या जागी ब्रोमीन बसतं आणि हायड्रोजन ब्रोमाइड तयार होतो. ज्या गुणामुळे ब्रोमीन आपल्याला दिसतं, त्याच गुणामुळे ते उन्हात सायक्लोहेक्झेनवर तुटून पडतं.

मग या दोन रंगहीन नळ्या ओळखायच्या कशा? पाण्याच्या नळीत ते अवघड आहे. हायड्रोजन ब्रोमाइड पाण्यात विरघळून दिसेनासा होतो, आणि ब्रोमीनचं पाणी मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे लिटमस काही उपयोगाचा नाही. म्हणून मी कोरड्या नळीत नुसतं सायक्लोहेक्झेन घेतलं, फ्यूम हूडमध्ये ब्रोमीनचा एकच थेंब टाकला आणि नळी उन्हात धरली. रंग उतरल्यावर बूच काढलं आणि अमोनियात बुडवलेली काचेची कांडी तोंडाशी नेली. उदबत्तीसारखा पांढरा दाट धूर झाला. तो अमोनियम ब्रोमाइडचा. दुहेरी बंधावर ब्रोमीन नुसतं येऊन बसतं तेव्हा असा धूर निघत नाही, कारण तिथे काहीच बाहेर पडत नाही. पूर्वी हीच चाचणी ब्रोमीन कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवून करायचे आणि त्यात हा फरक सहज कळायचा, कारण हायड्रोजन ब्रोमाइड त्या द्रवात विरघळत नाही. तो द्रव यकृताला घातक आणि ओझोनच्या थरालाही. 2010 पासून आपल्याकडे त्याचा तसा वापर बंद झाला आणि शाळा-कॉलेजांत पाणीच उरलं. हे योग्यच झालं. पण चाचणीतला एक पुरावा त्यासोबत गेला, आणि तो गेल्याचं आम्ही मुलांना सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी ते जर्नल परत मागवून घेतलं. निरीक्षणावरची काट खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘निरीक्षण बरोबर’. अनुमानाच्या रकान्यात लिहिलं, ‘उन्हात प्रतियोजनानेही रंग जातो. सावलीत पुन्हा करून बघ.’ तिने सावलीत पुन्हा केलं. यावेळी रंग वरच्या थरात तसाच राहिला. तिने घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबून बघितलं होतं आणि तसं लिहिलंही होतं, जे करायला मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर मी ‘रंग जातो की नाही’ असा प्रश्न विचारणं सोडलं. आता विचारते, किती थेंब गेले? दोन थेंब सायक्लोहेक्झीन म्हणजे साधारण 0.1 मिली. हिशोब केला तर एवढ्याला संपृक्त ब्रोमीनचं पाणी जवळजवळ साडेचार मिली लागतं. म्हणजे ड्रॉपरने थेंब टाकत राहिलं तर नव्वदच्या आसपास थेंब एकामागून एक रंग घालवत जातात. मुलांचा हात दुखतो, पण त्यांना पहिल्यांदाच कळतं की असंपृक्त पदार्थाला भूक असते आणि ती मोजता येते.

थेंब न मोजण्याचा तोटा पेट्रोलियम ईथरने आम्हाला दाखवला. साधी, व्यापारी दर्जाची बाटली होती. नावात ईथर असलं तरी ते संपृक्त हायड्रोकार्बनचं मिश्रण. मुलांनी एक थेंब ब्रोमीनचं पाणी टाकलं, हलवलं, रंग गेला. दुसरा थेंब, तोही गेला. सगळ्यांनी असंपृक्त लिहिलं. मी म्हटलं, टाकत राहा. चौथ्या थेंबाला वरचा थर पिवळा झाला आणि तसाच राहिला. त्या बाटलीत असंपृक्त अशुद्धी चिमूटभर होती, ती संपली. पहिल्या थेंबाने अशुद्धी दाखवली, चौथ्याने मूळ पदार्थ. अशी बाटली शुद्ध करण्याची जुनी रीतही याच रंगावर चालते. आधी तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर दोन-तीनदा हलवायचं, मग आम्लात केलेल्या परमँगनेटच्या द्रावणाबरोबर पुन्हा पुन्हा, आणि जांभळा रंग टिकला की थांबायचं. पुढे पाण्याने धुवायचं, कॅल्शियम क्लोराइडवर वाळवायचं आणि ऊर्ध्वपातन करायचं. रंग टिकणं ही तिथे काम संपल्याची खूण असते.

परमँगनेटची माझी ओळख मात्र प्रयोगशाळेतली नाही. आजोळी पावसाळा सुरू झाला की आरोग्य खात्याचा माणूस बादलीत जांभळे खडे विरघळवून विहिरीत ओतायचा. पाणी गुलाबी व्हायचं. आजी बजावायची, “गुलाबी उतरल्याबिगर पाणी भरायचं न्हाई.” काही वेळा ते तासाभरातच उतरायचं आणि तो माणूस पुन्हा बादली कालवायला घ्यायचा. तेव्हा वाटायचं की औषध कमी पडलं. आता कळतं की विहिरीतला पालापाचोळा, गाळ आणि सेंद्रिय घाण परमँगनेट खात होती. गुलाबी किती लवकर उतरतं त्यावरून त्या माणसाला विहीर किती खराब आहे ते समजत होतं. आणि त्या विहिरीत कुठलाच दुहेरी बंध शोधायचा नव्हता.

हीच परमँगनेटची अडचण. ब्रोमीनपेक्षा ते कमी निवडक आहे. ज्याचं ऑक्सिडीकरण सहज होतं, अशा पुष्कळ पदार्थांवर ते चालून जातं. आडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. त्याला 1905 चं नोबेल मिळालं. या चाचणीत परमँगनेट विरल हवं, थंड हवं आणि किंचित अल्कधर्मी हवं. या तिन्ही अटींना कारण आहे. आम्ही एक ग्रॅम परमँगनेट 100 मिली पाण्यात विरघळवतो, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालतो आणि वापरताना पुन्हा दहापट पातळ करतो. नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत, एवढं फिकं. मुलं गर्द जांभळं द्रावण ओततात, दुहेरी बंध आपलं काम करतो, पण उरलेल्या जांभळ्यात ते झाकून जातं आणि ‘रंग गेला नाही’ असं लिहिलं जातं.

शिवाय इथे रंग नुसता जात नाही, बदलतो. जांभळा जातो आणि तपकिरी येतो. तो तपकिरी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, आणि खरी साक्ष त्याची असते. सुरुवातीला तो गाळासारखा दिसत नाही. नळीत चहाच्या पाण्यासारखा पिवळट-तपकिरी रंग येतो, आणि दहा मिनिटं नळी स्टँडमध्ये शांत ठेवली की तळाशी भुरकट साका बसतो. घाईने पाहणारा ‘पिवळा’ लिहून मोकळा होतो. द्रावणात आम्ल असेल तर मात्र मँगनीज आणखी खाली उतरतं, त्याचं जवळजवळ रंगहीन रूप होतं आणि तपकिरी दिसतच नाही. म्हणून नळीत आम्ल राहिलं आहे का हे आधी बघावं लागतं.

थंड हवं, याचं कारण टोल्युइन. त्याच्या बेंझिनच्या कड्यात पुस्तकात तीन दुहेरी बंध काढलेले असतात, पण थंड विरल परमँगनेट आणि सावलीतलं ब्रोमीनचं पाणी, दोन्ही त्याला हात लावत नाहीत. त्या कड्यातले इलेक्ट्रॉन सहा कार्बनमध्ये वाटले गेलेले असतात, एकट्या बंधात मोकळे नसतात. पण हीच नळी बर्नरवर धरली, तर परमँगनेट कड्याबाहेरच्या मिथिल गटाचं ऑक्सिडीकरण करतं, बेंझोइक आम्लाचा क्षार तयार होतो आणि तपकिरी साका बसतो. रंग लवकर बदलावा म्हणून एखादा विद्यार्थी नळी गरम करतो आणि टोल्युइन असंपृक्त ठरतं.

दुष्काळाच्या एका वर्षीची गोष्ट. कॉलेजला टँकरचं पाणी येत होतं आणि नळ्या धुवायला मोजून बादल्या मिळायच्या. मामा दोन तासांच्या मधल्या वेळात नळ्या थोड्या पाण्याने विसळून मग स्पिरिटने खंगाळत, म्हणजे लवकर कोरड्या होत. त्या दिवशी सगळ्या बॅचला हेक्झेन असंपृक्त आलं. ब्रोमीनच्या पाण्याने संपृक्त, परमँगनेटने असंपृक्त. दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागल्या की पदार्थावर शंका घेण्याआधी नळीवर घ्यावी. मी दोन धुतलेल्या नळ्या उचलल्या, त्यांत काहीही न घालता फक्त परमँगनेट टाकलं. आधी किंचित हिरवट झाक आली, मग काही मिनिटांत तपकिरी. काचेला चिकटून राहिलेल्या स्पिरिटचं ऑक्सिडीकरण होत होतं. तेव्हापासून आमच्याकडे परमँगनेटच्या नळ्यांचं शेवटचं खंगाळणं ऊर्ध्वपातित पाण्याने होतं, आणि भिंतीवर तपकिरी डाग उरला असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने तो काढल्याशिवाय नळी पुन्हा वापरत नाही. मामांना यात बोल लावण्यासारखं काही नव्हतं. पाणी नव्हतं, आणि नळ्या कशासाठी लागणार आहेत ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दोन्ही चाचण्या एकत्र का करायच्या, याचं उत्तर मी आता या दिवसावरून देते. ब्रोमीन आणि परमँगनेट वेगवेगळ्या कारणांनी फसतात. उन्हाने ब्रोमीन फसतं, स्पिरिटने परमँगनेट. फिनॉल असेल तर ब्रोमीनचं पाणी झटकन रंगहीन होतं, पण त्याबरोबर पांढरा साका पडतो, आणि तो साका पाहिला नाही तर फिनॉलची नोंद अल्कीन म्हणून होते. पदार्थ नुसतं हायड्रोकार्बन आहे हे आधी ठाऊक असेल तरच या रंगांचा अर्थ सरळ निघतो.

असा सरळ अर्थ काढायची वेळ खरोखरच आली ती दोन वर्षांपूर्वी. सुट्टीत कुणीतरी ब्रोमीनच्या बाटलीचं बूच सैल ठेवलं आणि त्या कपाटातल्या बाटल्यांवरची निळ्या शाईची लेबलं वाफेने पुसून गेली. तीन बाटल्यांत काय आहे ते कळेना. नोंदवहीवरून एवढं माहीत होतं की त्या कप्प्यात सायक्लोहेक्झेन, सायक्लोहेक्झीन आणि टोल्युइन होतं. टोल्युइन 111 अंशांना उकळतं, ते वेगळं काढता आलं असतं. पण सायक्लोहेक्झेन 81 अंशांना आणि सायक्लोहेक्झीन 83 ला. आमच्या थर्मामीटरवर भरवसा ठेवून दोन अंशांच्या फरकाने बाटलीला नाव देण्याची माझी तयारी नव्हती.

खिडक्यांचे पडदे ओढले. तीन नळ्या, चौथी कोरी. प्रत्येकीत पाच थेंब द्रव आणि एक मिली ब्रोमीनचं पाणी. मधल्या बाटलीची नळी हलवताच दोन्ही थर रंगहीन. मी तिथेच थांबले नाही, आणखी ब्रोमीनचं पाणी घालत गेले. दहा मिली झालं तरी रंग टिकेना. बाकी दोन नळ्यांत वरचा थर नारिंगी, खालचं पाणी फिकं, अर्ध्या तासानंतरही तसंच. परमँगनेटच्या नळ्यांत मधल्या बाटलीने जांभळ्याचं तपकिरी केलं, बाकी दोन आणि कोरी नळी जांभळ्याच राहिल्या. म्हणजे मधली सायक्लोहेक्झीनची. उरलेल्या दोघींत या दोन्ही चाचण्या काहीच बोलणार नव्हत्या, त्या दोघींना रंगाने वेगळं करता येत नाही. म्हणून काचेच्या कांडीवर एकेक थेंब घेऊन पेटवला. एकाची ज्योत बरीचशी स्वच्छ जळली. दुसऱ्याच्या ज्योतीतून काजळीचा काळा धागा वर गेला आणि छताकडे तरंगत राहिला. कार्बनचं प्रमाण जास्त असलेल्या टोल्युइनची ती खूण.

मामांनी नवी लेबलं आणली. मी पेन काढलं तर त्यांनी माझ्यापुढे शिसपेन्सिल धरली. “शाई खातंय ते, मॅडम. शिसं खात न्हाई.” मग आम्ही तिन्ही नावं पेन्सिलने लिहिली, मात्रा आणि वेलांटी जरा ठळक करून.